स्वप्नातला कुत्रा आणि कपाटाचा कोपरा

पहाटेचे चार वाजलेले. "हाड! हाड!" असं ओरडत काकांनी सणसणीत लाथ झाडली. ती बसली शेजारी झोपलेल्या काकूंच्या मांडीवर, आणि तोल जाऊन काका पलंगाखाली. कपाळ लोखंडी कपाटाच्या कोपऱ्यावर आपटलं. काकूंनी दिवा लावून हाक मारली, तसे काका लगेच भानावर आले. म्हणाले, "अगं, कुत्रा अंगावर आला होता."

हे काका-काकू कल्पनेतले असले, तरी प्रसंग डॉक्टरांच्या चांगल्या ओळखीचा आहे. वय पन्नाशीच्या पुढचं, बहुधा पुरुष, रात्रीचा उत्तरार्ध, कुणीतरी हल्ला करतंय असं स्वप्न, डोळे मिटलेले, आणि जागं केल्यावर स्वप्न जसंच्या तसं आठवणं. या विकाराला 'रेम स्लीप बिहेविअर डिसऑर्डर' म्हणतात. मिनियापोलिसमधल्या कार्लोस शेंक आणि मार्क महोवाल्ड या डॉक्टरांनी 1986 मध्ये माणसांमधला हा विकार वेगळा ओळखून मांडला.

रेम म्हणजे झोपेचा तो टप्पा, ज्यात मिटल्या पापण्यांखाली बुबुळं भराभर हलतात आणि ठसठशीत स्वप्नं पडतात. साधारण दर दीड तासाने तो येतो आणि पहाटेकडे लांबत जातो. या काळात मेंदूचा देठ स्नायूंना कुलूप घालतो. श्वास आणि डोळे चालू राहतात, बाकी अंग लुळं पडतं. म्हणून स्वप्नात आपण कितीही धावलो तरी पांघरूण जागेवरच राहतं. काकांचं हे कुलूप सैल झालं आहे. स्वप्नात मारलेली लाथ खरोखर बसते.

झोपेत चालणं वेगळं. ते बहुधा रात्रीच्या पहिल्या भागात, गाढ झोपेत होतं. माणूस डोळे उघडे ठेवून घरभर फिरतो आणि जागं केलं तर गोंधळतो. काकांसारखा माणूस सहसा पलंगाच्या आसपासच असतो. पण दोन गोष्टी फसवतात. घोरणाऱ्या माणसाचा श्वास झोपेत अडकत असेल, तर तोही असाच हातपाय झाडत उठतो. नैराश्यावरच्या काही गोळ्यांनीही हा त्रास सुरू होऊ शकतो. म्हणून खात्रीसाठी रात्रभराची झोपेची तपासणी करतात. तीत हनुवटीच्या आणि हातापायांच्या स्नायूंची हालचाल नोंदवतात आणि कॅमेराही चालू ठेवतात. डॉक्टरांकडे जाताना काकूंनी सोबत जायलाच हवं, कारण काय घडलं ते त्यांनी पाहिलेलं असतं. मोबाइलवरचं चित्रण असेल तर उत्तम. गोळ्या मात्र मनाने बंद करू नयेत.

तपासणीची तारीख मिळेपर्यंत खोली आजच बदलता येते. पलंग कपाटापासून आणि खिडकीच्या काचेपासून दूर सरकवायचा. उशाजवळचा तांब्या, काचेचा दिवा, टेबलफॅन हात पोचणार नाही इतक्या लांब न्यायचे. जे हलत नाही, त्याच्या कोपऱ्यांना जाड फोम लावायचा. गादी थेट जमिनीवर घातली तर पडायची भीती उरत नाही, पण गुडघे दुखणाऱ्याला पहाटे तिथून उठवत नाही. अशांनी बुटकी खाट घ्यावी आणि तिच्या कडेला खाली दुसरी गादी अंथरावी. खाटेला लोखंडी कठडा लावला की काम झालं असं वाटतं, पण त्याच्या फटीत हातपाय अडकू शकतात.

काकूंनी काही दिवस वेगळ्या खाटेवर झोपावं. ते जमत नसेल तर मध्ये लोड ठेवावा, पण लोड सगळेच मार अडवत नाही. काका हातवारे करू लागले की त्यांना धरायला जाऊ नये, कारण धरणारा हात त्यांना हल्लेखोराचाच वाटतो. लांबून, नावाने हाक मारावी.

औषधांत मेलॅटोनिन किंवा क्लोनाझेपाम देतात. दुसऱ्याने तोल जाऊ शकतो आणि झोपेत अडकणारा श्वास आणखी बिघडू शकतो, म्हणून ते डॉक्टरांनीच ठरवावं. औषध सुरू झाल्यावरही खोली तशीच ठेवायची.

एक कटू गोष्ट सांगायलाच हवी. दुसरं कारण सापडलं नाही, तर हा विकार पुढच्या पार्किन्सन किंवा त्याच्या जातीच्या स्मृतिभ्रंशाची आगाऊ खूण असू शकतो. 2019 मध्ये प्रसिद्ध झालेल्या, अनेक देशांतल्या 1280 रुग्णांच्या अभ्यासात दर वर्षी शंभरातल्या सुमारे सहा जणांना असा आजार जडला. तो आज थांबवणारं औषध नाही. पण वास न येणं, हात थरथरणं, चाल मंदावणं यांकडे न्यूरॉलॉजिस्ट वेळोवेळी लक्ष ठेवू शकतो.

शेवटी काकूंना एकच काम उरतं. वाईट स्वप्नं पडू नयेत म्हणून आपल्याकडे उशाखाली सुरी किंवा अडकित्ता ठेवतात. काकूंनीही ठेवला होता. स्वप्नातल्या कुत्र्याशी झुंजणाऱ्या हाताला तो सापडण्याआधी स्वयंपाकघरात परत जायला हवा.