गल्ल्यावर विचारायचे प्रश्न

किराणा दुकानदाराला 'तुम्ही यूपीआय घेता का?' असं विचारलं, तर उत्तर बहुतेक वेळा 'हो' येतं. काउंटरवर क्यूआर कोड चिकटवलेला असतोच. पण या 'हो'मधून त्याच्या सवयीबद्दल काहीच कळत नाही. त्याऐवजी 'काल आलेल्या शेवटच्या दहा गिऱ्हाइकांपैकी किती जणांनी मोबाइलवरून पैसे दिले?' असं विचारावं. कालचं माणसाला आठवतं. 'साधारणपणे किती' म्हटलं की तो अंदाज ठोकून देतो.

समजा, तो म्हणाला, 'सहा जणांनी.' लगेच पुढचा प्रश्न: हे पैसे कुणाच्या खात्यात जातात? 'मुलाच्या बचत खात्यात' असं उत्तर आलं, तर त्यामागचं कारण हळुवारपणे विचारायला हवं. कधी ते फक्त सोयीचं असतं, कधी त्यात कराची धास्ती असते. जुलै २०२५मध्ये बंगळुरूत यूपीआयच्या नोंदींवरून छोट्या विक्रेत्यांना जीएसटीच्या नोटिसा आल्या आणि अनेकांनी 'फक्त रोख' अशा पाट्या लावल्या. महाराष्ट्रात फक्त माल विकणाऱ्याला नोंदणीची मर्यादा साधारणपणे वर्षाला ४० लाखांच्या उलाढालीची आहे आणि त्यात रोख विक्रीही धरली जाते. हे ठाऊक नसलेला दुकानदार मोबाइलवरचे पैसेच टाळतो. पण प्रश्नावलीत अडचणी म्हणून 'नेटवर्क नाही', 'स्मार्टफोन नाही' एवढेच पर्याय छापले, तर ही भीती नोंदलीच जात नाही. उलाढालीचा प्रश्न मात्र अगदी शेवटी ठेवावा आणि नेमका आकडा न मागता टप्पे द्यावेत. तो सुरुवातीलाच आला की समोरच्याला आपण कर खात्याचे वाटतो आणि पुढची सगळी उत्तरं सावध होतात.

फसवणुकीबद्दल 'तुम्हाला भीती वाटते का?' हा प्रश्न निरुपयोगी आहे. 'मघाच्या गिऱ्हाइकाचे पैसे आले हे तुम्ही कशावरून ओळखलं?' असं विचारा. आवाज देणारा डबा, बँकेचा संदेश, स्वतःचं अॅप की गिऱ्हाइकाच्या फोनची स्क्रीन? यातलं शेवटचं उत्तर सगळ्यात धोक्याचं, कारण पैसे गेल्याचं खोटं चित्र दाखवणारी अॅप्स असतात. संध्याकाळच्या गर्दीत मान वर करून पाहायलाही वेळ नसतो, म्हणून 'गर्दीच्या वेळी कसं ओळखता?' हेही वेगळं विचारावं. डब्याला बऱ्याचदा महिन्याचं भाडं पडतं, तेव्हा तो का घेतला नाही हेही इथेच कळतं.

विश्वासाची खरी कसोटी मोठ्या रकमेला लागते. 'घाऊक व्यापाऱ्याला पैसे कसे देता?' या प्रश्नावर 'रोख' असं उत्तर आलं, तर आलेला पैसा तो बँकेतून काढतोय हे समजतं. मग खातं गोठण्याच्या भीतीबद्दलही विचारावं. फसवणुकीचे पैसे एखाद्या गिऱ्हाइकाकडून आले, तर १९३०वरच्या तक्रारीनंतर तपासात दुकानदाराचं खातंही अडकू शकतं. त्यात त्याचा काही दोष नसतो, पण उद्याचा माल भरायचा पैसा तिथेच असतो.

आणि हे प्रश्न मालकाबरोबर गल्ल्यावरच्या पोराला वेगळे विचारावेत. पैसे आल्याची खात्री दिवसभर तोच करत असतो.