अंगूचे जू आणि मणिबेलीची जमीन

‘चिपको आंदोलन आणि नर्मदा बचाओ आंदोलन यांच्या मागण्यांची तुलना करा.’ राज्यशास्त्राच्या पेपरातला हा दीर्घोत्तरी प्रश्न मी इतक्या वर्षांत इतक्या वेळा तपासला आहे, की उत्तराची पहिली ओळ न वाचताही सांगता येते. मध्ये उभी रेघ, दोन रकाने. डावीकडे ‘झाडे तोडू नयेत’, उजवीकडे ‘धरण बांधू नये’. खाली साम्य म्हणून ‘दोन्ही आंदोलने अहिंसक होती’ आणि ‘दोन्हींत महिलांचा सहभाग होता’. चूक काहीच नाही, त्यामुळे निम्मे गुण द्यावेच लागतात. पण मागण्या मात्र त्यात नसतात. असतात त्या घोषणा.

मागणी शोधायची तर ती कोणी, कोणत्या साली आणि कोणाकडे केली, हे पाहावे लागते. चिपकोची पहिली मागणी पाहा. ती झाड तोडू देण्याची होती.

गढवालमधल्या गोपेश्वरला चंडीप्रसाद भट्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची दशोली ग्राम स्वराज्य संघ ही संस्था होती. शेतीची अवजारे बनवण्यासाठी त्यांनी वनखात्याकडे अंगूची थोडी झाडे मागितली. अंगूचे लाकूड हलके आणि चिवट, बैलाच्या मानेवरच्या जूसाठी अगदी योग्य. खात्याने नकार दिला आणि चीड वापरा म्हणून सांगितले. चीड म्हणजे तिकडचा पाइन. त्याचे जू मानेवर घेऊन बैल डोंगरउतारावर किती चालेल, हे कोणत्याही शेतकऱ्याला विचारावे. त्याच सुमारास मंडल गावाजवळची अंगूची झाडे अलाहाबादच्या एका खेळसाहित्य बनवणाऱ्या कंपनीला देण्यात आली. गावाला जू नाही आणि शहराला बॅट-रॅकेट, असा हा हिशेब. एप्रिल 1973मध्ये मंडलचे लोक जंगलात उभे राहिले आणि कंपनीची माणसे परत गेली.

त्यामुळे सुरुवातीच्या मागण्या अर्थकारणाच्या होत्या. बाहेरच्या ठेकेदारांना जंगल देऊ नये, स्थानिक लघुउद्योगांना स्वस्तात कच्चा माल मिळावा, जंगलात राबणाऱ्या भूमिहीन मजुरांना किमान वेतन मिळावे, जल-जंगल-जमिनीवर गावाचा ताबा असावा. ‘पर्यावरण’ हा शब्द इथे शोधावा लागतो. तो आला 1970च्या अलकनंदेच्या पुराच्या अनुभवातून: वरचे डोंगर बोडके झाले की खालची गावे वाहून जातात, हे लोकांनी डोळ्यांनी पाहिले होते.

मग 26 मार्च 1974चा रेणीचा दिवस. सैन्याने पूर्वी घेतलेल्या जमिनींची भरपाई मिळणार म्हणून गावचे पुरुष चमोलीला बोलावले गेले होते. मागे राहिलेल्या बायका गौरादेवींच्या पुढाकाराने जंगलात गेल्या आणि मजुरांना अडवून बसल्या. हे जंगल आमचे माहेर आहे, असे त्या म्हणाल्या. आपल्याकडच्या वाचकाला याचा वेगळा अर्थ सांगायला नको. अडीअडचणीला जिथून काही मिळते, ते माहेर. भट्टांच्या संस्थेची मागणी लाकडाची आणि रोजगाराची, रेणीच्या बायकांची सरपण, चारा, पाणी यांची. एकाच आंदोलनात दोन मागण्या होत्या आणि त्या दर वेळी एकमेकींशी जुळत नव्हत्या. हे लिहिणारे उत्तर मी आजवर दोनदाच पाहिले.

आता नर्मदेकडे येऊ. ‘कोई नहीं हटेगा, बाँध नहीं बनेगा’ ही घोषणा सगळ्यांना पाठ असते, पण आंदोलन तिथून सुरू झाले नाही. सरदार सरोवराच्या बुडिताची महाराष्ट्रातली 33 गावे अक्कलकुवा आणि अक्राणी तालुक्यांतली, तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली. 1980च्या दशकाच्या मध्यावर मेधा पाटकर तिथे हिंडू लागल्या, तेव्हा पहिला प्रश्न साधा होता: पाणी कुठपर्यंत येणार आणि आम्हाला कुठे नेणार? म्हणजे मागणी माहितीची आणि पुनर्वसनाची होती.

कागदावर ते पुनर्वसन वाईट नव्हते. नर्मदा जलविवाद लवादाने 1979मध्ये निवाडा दिला होता. ज्याची चतुर्थांशापेक्षा जास्त जमीन जाईल त्या कुटुंबाला किमान 2 हेक्टर ओलिताची जमीन, सज्ञान मुलगा म्हणजे वेगळे कुटुंब, आणि बुडण्याआधी पुनर्वसन. बुडितातल्या मणिबेलीसारख्या गावातल्या एका कुटुंबावर हा नियम लावून पाहू. म्हातारा बाप, दोन सज्ञान मुलगे, तिघे पिढ्यान् पिढ्या वहिवाटलेल्या डोंगरउतारावर शेती करतात. निवाड्याप्रमाणे तीन कुटुंबे, किमान 6 हेक्टर. पण ती जमीन सरकारदरबारी वनखात्याची असेल, तर हे तिघे खातेदारच नाहीत. ते ठरतात अतिक्रमणदार, आणि मग निवाड्यातले 2 हेक्टर त्यांना लागूच होत नाहीत. म्हणून ‘आम्हाला जमीनधारक माना’ ही मागणी पुढे आली, आणि ती धरणविरोधाइतकीच मूलभूत होती. एवढ्या सगळ्यांना देण्यापुरती जमीन बुडिताच्या तिन्ही राज्यांकडे नाही, हे दिसू लागल्यावर ऑगस्ट 1988मध्ये आंदोलनाने धरणालाच विरोध जाहीर केला.

खरी तुलना इथे आहे. चिपकोसमोर ठेकेदार होता आणि त्याच्या हातात एका लिलावाचा कागद. एका दिवसात त्याला परत पाठवता येत होते, आणि लखनौचे एक सरकार निर्णय फिरवू शकत होते. नर्मदेत समोर तीन राज्यांचे पाण्याचे हिशेब होते, राजस्थानचा हिस्सा होता, जागतिक बँकेचे कर्ज होते आणि 45 वर्षे फेरविचार करता न येणारा निवाडा होता. ही मागणी मान्य करायला एकही अधिकारी समर्थ नव्हता. म्हणून झाडाला मिठी मारण्याऐवजी चढत्या पाण्यात उभे राहणे आले, दिल्लीच्या आणि वॉशिंग्टनच्या खेपा आल्या, 1994मध्ये सर्वोच्च न्यायालय आले. बँकेने नेमलेल्या मोर्स समितीने 1992मध्ये प्रकल्पावर कडक टीका केली. पुढच्या वर्षी उरलेले कर्ज भारतानेच नाकारले, पण काम थांबले नाही. ऑक्टोबर 2000मध्ये न्यायालयाने दोन विरुद्ध एक मतांनी धरणाला वाट मोकळी केली.

‘चिपको यशस्वी, नर्मदा अयशस्वी’ असा शेवट करणाऱ्यांचे मी एक-दोन गुण कापतो. चिपकोनंतर 1980मध्ये 1000 मीटरच्या वरच्या झाडांची व्यापारी तोड 15 वर्षांसाठी बंद झाली, हे खरे. पण गावाचा ताबा आला नाही. ठेकेदार गेला आणि वनमहामंडळ आले. त्याच वर्षीच्या वनसंवर्धन कायद्याने रस्ते-नळांची कामेही अडली, आणि दशकाच्या अखेरीस त्याच पहाडात निषेध म्हणून झाडे तोडण्याचे आंदोलन झाले. तोडबंदी मिळाली, पण अंगूची मागणी तशीच राहिली. उलट नर्मदेत धरण 138.68 मीटरपर्यंत चढले, पण ‘जमिनीच्या बदल्यात जमीन’ ही गोष्ट आंदोलनाने कागदावरून खाली उतरवायला लावली. 2017मध्येही न्यायालयाला मध्य प्रदेशातल्या उरलेल्या कुटुंबांपैकी काहींसाठी प्रत्येकी 60 लाख रुपयांचा आदेश द्यावा लागला.

आणि एक गोष्ट, जी कुठल्याच रकान्यात बसत नाही. महाराष्ट्रातल्या विस्थापितांना द्यायला जमीन हवी होती. ती तळोदा तालुक्यातले जंगल तोडून काढण्यात आली.