अर्ध्या मिलिमीटरची कळ

मार्च २०१९ मध्ये ‘वॉल स्ट्रीट जर्नल’च्या जोआना स्टर्न यांनी मॅकबुकच्या कीबोर्डवर एक लेख लिहिला. त्यात जागोजागी इंग्रजी ‘ई’ आणि ‘आर’ ही अक्षरे गळालेली होती. त्यांच्या लॅपटॉपवर ती नीट उमटत नव्हती, आणि मजकूर मुद्दामच तसा छापला गेला. इन्स्क्रिप्टवर मराठी लिहिणाऱ्याचे याहून हाल झाले असते. तिथे त्याच दोन कळांवर काना आणि दुसरी वेलांटी असते!

हा कीबोर्ड म्हणजे अॅपलने २०१५ मध्ये आणलेला ‘बटरफ्लाय’. लॅपटॉप पातळ करण्यासाठी कळेखालची नेहमीची कात्रीसारखी जोडणी काढून पसरट बिजागरी बसवली. कळ आता जेमतेम अर्धा मिलिमीटर खाली जात होती. एवढ्याशा फटीत धुळीचा कण अडकला की अक्षर उमटेना, किंवा एकाच दाबात दोनदा उमटे. कीबोर्ड वरच्या धातूच्या भागाला पक्का जोडलेला, त्यामुळे दुरुस्तीत बहुधा तो अख्खा भागच बदलावा लागे.

कण अडकला नाही तरी तासन्‌तास लिहिणाऱ्याची अडचण उरतेच. चांगल्या कळेला आधी थोडा विरोध जाणवतो, मग ती एकदम बसते. अक्षर उमटल्याचे बोटाला तिथेच कळते आणि जोर आवरता येतो. अर्ध्या मिलिमीटरमध्ये त्याला वावच नाही. बोट दरवेळी तळावर आपटते. दोन ओळींच्या ईमेलला हे जाणवत नाही, विसाव्या पानाला जाणवते. थिंकपॅडच्या अनेक मॉडेलांत कळ दीड मिलिमीटर किंवा जास्त खाली जाते. लिहिणारी मंडळी त्यांना चिकटून राहतात ती उगाच नव्हे.

अॅपलने २०१८ मध्ये कळांखाली सिलिकॉनचा पडदा घातला आणि मोफत दुरुस्तीची योजना काढली. अखेर नोव्हेंबर २०१९ मध्ये सोळा इंची मॅकबुक प्रोवर कात्री परतली, सुमारे एक मिलिमीटरच्या कळेसह. ग्राहकांच्या दाव्यात २०२२ मध्ये पाच कोटी डॉलरची तडजोड झाली.

ट्रॅकपॅडचे दुखणे वेगळे. तो मोठा झाला की तळहाताखाली येतो. तळहाताचा स्पर्श ओळखून सोडून देण्याचे काम सॉफ्टवेअरचे. ते चुकले की कर्सर उडी मारून भलत्याच परिच्छेदात जातो आणि पुढचे शब्द तिथे घुसतात. नुसत्या स्पर्शाने क्लिक होण्याची सोय सेटिंगमध्ये बंद केली की हा त्रास बराच कमी होतो.

दुकानात एक ओळ टाइप करून काही कळत नाही. एखादे पान सलग लिहावे. स्पेसबार कडेला दाबून पाहावा, कीबोर्डचा मधला भाग दबतो का तेही. इन्स्क्रिप्टवाल्याने शिफ्टची खास परीक्षा घ्यावी: ख, घ, भ तिच्याशिवाय उमटत नाहीत, आणि बऱ्याच स्वस्त लॅपटॉपांत उजवी शिफ्ट आखूड असते.