रात्रपाळीनंतरचा अर्धा तास ट्रक

आमच्या गल्लीतला एक मुलगा रात्रपाळी करून सकाळी घरी येतो. अंग थकलेले, पण डोके चालूच. आडवा झाला की दिवसभराचे हिशेब सुरू. मग तो भावाच्या कॉम्प्युटरवर ट्रक चालवतो. आईला वाटायचे, पोरगा गेममध्ये वाया चालला. तसे नव्हते. काही माणसांचे मन एकसारख्या, संथ कामात निवते. कुणी धान्य निवडते, कुणी विणते, हा माल पोचवतो.

गेमचे नाव युरो ट्रक सिम्युलेटर 2. झेक देशातल्या एससीएस सॉफ्टवेअर कंपनीने तो 2012 मध्ये काढला. यात मारामारी नाही. माल जोडायचा, हायवे धरायचा, दुसऱ्या शहरात उतरवायचा. हायवेवर गेममधले घड्याळ खऱ्यापेक्षा सुमारे 19 पट वेगाने पळते. म्हणजे 600 किलोमीटरची खेप ताशी 80 ने साडेसात तासांची, ती आपल्या घड्याळात 24 मिनिटांत होते. शहरात हे घड्याळ मंदावते आणि वळणे घ्यावी लागतात, म्हणून एकूण अर्धा तास धरावा. C दाबले की वेग आपोआप तोच राहतो; मग फक्त स्टिअरिंग सांभाळायचे.

पण मध्यंतरी याच मुलाची झोप आणखी बिघडली. विचारल्यावर कळले, त्याने गेममधल्या बँकेचे कर्ज काढून स्वतःचा ट्रक घेतला होता. हप्ता फेडायला तो तातडीच्या खेपा उचलायचा, कारण त्यांचे पैसे जास्त. उशीर झाला की मोबदला कापला जाई, घाईत सिग्नल तोडला की दंड. घरचीच विवंचना पडद्यावर आली म्हणा ना!

त्याने मग Quick Job पासून पुन्हा सुरुवात केली. यात ट्रक कंपनीचा, डिझेलही तिचेच. खेप निवडताना तातडी नसलेली घेतली. सेटिंगमध्ये Fatigue simulation आणि Traffic offences बंद केले, त्यामुळे झोपेची सक्तीही गेली आणि दंडही. शेवटी ट्रेलर मागे घेऊन लावणे हे सगळ्यात किचकट काम. ते नको असेल तर पार्किंग वगळायची सोय आहे. गुण तेवढे कमी मिळतात.

केबिनमधून पाहताना काहींना मळमळते. तेव्हा 2 दाबून बाहेरून ट्रक पाहावा, तरी बरे वाटले नाही तर त्या दिवशी थांबावे.

कॉम्प्युटर नसेल तर मोबाईलवर बस सिम्युलेटर इंडोनेशिया फुकट मिळतो. प्रवासी घ्यायचे, स्टँडवर सोडायचे. लहान पडद्यावर मान वाकते, म्हणून मोबाईल डोळ्यांच्या पातळीला टेकवून ठेवावा.

आता तो एकच खेप करतो आणि माल उतरला की पडदा बंद. खेपेमागून खेप होऊ लागली, किंवा खेळूनही आठवड्यांमागून आठवडे झोप येत नसेल, तर डॉक्टरांना दाखवावे. आईने मात्र परवा त्याला विचारले, "आज काय नेलंस रे?" तो म्हणाला, "बटाटे."