‘फरक आढळला नाही’ म्हणजे फरक नाही?

हृदयविकाराचा झटका येतो तेव्हा बहुतेक वेळा हृदयाला रक्त पुरवणारी धमनी गुठळीने बंद झालेली असते. ही गुठळी विरघळवणारे स्ट्रेप्टोकायनेज हे औषध शिरेतून दिले तर रुग्ण वाचतात का, हे पाहण्यासाठी १९५९ ते १९८८ या काळात ३३ चाचण्या झाल्या. त्यांतल्या बहुतेक चाचण्या लहान होत्या, आणि त्यांचा निष्कर्षही साधारण एकच होता : औषध मिळालेल्या व न मिळालेल्या रुग्णांत लक्षणीय फरक आढळला नाही.

१९८८ साली ‘आयसिस-२’ या चाचणीचे निकाल ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाले. तिच्यात १७,१८७ रुग्ण होते. कोणाला औषध द्यायचे आणि कोणाला नाही, हे निव्वळ दैवयोगाने ठरवले होते. औषध न मिळालेल्यांपैकी १२ टक्के रुग्ण पाच आठवड्यांत हृदय व रक्तवाहिन्यांच्या विकाराने दगावले. औषध मिळालेल्यांत हे प्रमाण ९.२ टक्के होते. औषध तेच आणि आजारही तोच असताना आधीच्या इतक्या चाचण्यांना हा फरक का दिसला नाही?

याचे उत्तर दोन कल्पनांत आहे. पहिली परिणामाच्या आकाराची, म्हणजे औषधाने नेमका किती फरक पडतो याची. इथे शंभर रुग्णांमागे मृत्यू २.८ने घटले, म्हणजे साधारण ३६ जणांना औषध दिले की एक जीव वाचतो. इतक्या जीवघेण्या आणि इतक्या सर्रास आढळणाऱ्या आजारात हा फायदा मोठाच आहे. पण तो डोळ्यांना सहज दिसणारा नाही, कारण औषध न घेताही शंभरातले ८८ जण वाचतात आणि औषध घेऊनही नऊ जण दगावतात. दुसरी कल्पना चाचणीच्या क्षमतेची. संख्याशास्त्रज्ञ तिला ‘पॉवर’ म्हणतात. फरक खरोखर असेल, तर तो आपल्या चाचणीत पकडला जाण्याची शक्यता किती, हे ती सांगते.

प्रत्येक गटात शंभर रुग्ण घेऊन चाचणी केली असे समजू. खरे प्रमाण वरचेच असेल, तर एका गटात १२ आणि दुसऱ्यात ९ मृत्यू अपेक्षित आहेत. पण प्रत्यक्षात आकडे असे शिस्तीत येत नाहीत. जिथे सरासरीने १२ मृत्यू व्हायचे, तिथे निव्वळ योगायोगाने कधी ८ होतात, तर कधी १६. औषध पूर्णपणे निकामी असते, तरीही दोन गटांत तीन किंवा त्याहून जास्त मृत्यूंचा फरक निम्म्याहून अधिक वेळा पडला असता. मग १२ आणि ९ हे आकडे पाहून संशोधक काय म्हणणार? हा योगायोगही असू शकतो, एवढेच. त्याचे म्हणणे चूक नाही. चाचणीच इतकी लहान आहे की तिच्याकडून याहून ठाम उत्तर मिळणे शक्य नाही.

या चाचणीची क्षमता काढली तर ती जेमतेम दहा टक्के भरते. म्हणजे अशा शंभर चाचण्या केल्या, तर सुमारे नव्वद चाचण्या एका खऱ्या, जीव वाचवणाऱ्या औषधाला ‘लक्षणीय फरक नाही’ असा शेरा देतील. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण पातेल्यातली सगळी शिते सारखीच शिजलेली असतात. माणसे तशी नसतात. वय, झटक्याची तीव्रता, उपचाराला झालेला उशीर या सगळ्यांमुळे एकाचा निकाल दुसऱ्यापेक्षा वेगळा लागतो, आणि त्या गोंधळात औषधाचा मध्यम आकाराचा परिणाम बुडून जातो.

हाच फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा, तर प्रत्येक गटात सुमारे १,९०० रुग्ण लागतात. फरक याच्या निम्मा असेल, तर दुप्पट रुग्ण घेऊन भागत नाही; सुमारे ८,००० लागतात, म्हणजे चौपटीहून थोडे अधिक. नमुना चौपट केला की योगायोगाचा गोंधळ केवळ निम्मा होतो, हे त्यामागचे कारण. म्हणून चाचणी सुरू करण्याआधीच ठरवावे लागते की किती लहान फरकसुद्धा आपल्या दृष्टीने मोलाचा आहे, आणि त्यावरून रुग्णसंख्येचा हिशेब मांडावा लागतो. हाताशी रुग्ण किती आहेत यावरून चाचणी बेतली, तर उत्तर मिळण्याची हमी उरत नाही.

लहान चाचणीत आणखी एक धोका आहे. शंभर-शंभर रुग्णांच्या त्या चाचणीत निकाल ‘लक्षणीय’ ठरण्यासाठी साधारण आठ मृत्यूंचा फरक पडावा लागतो, उदाहरणार्थ १२ आणि ४. म्हणजे ज्या थोड्या चाचण्या यशस्वी ठरतात, त्या औषधाचा गुण खऱ्याच्या जवळजवळ तिप्पट करून दाखवतात. अशीच एखादी चाचणी गाजते. पुढे मोठ्या चाचणीत परिणाम घटलेला दिसला की औषध फसले असे वाटते. खरे तर सुरुवातीचा आकडाच फुगलेला असतो.

‘आयसिस-२’मध्येच याची आणखी एक बाजू दिसते. त्याच चाचणीत ॲस्पिरिनही तपासले होते, आणि त्यानेही मृत्यू स्पष्टपणे घटले होते. रुग्णांचे छोटे-छोटे गट पाडून निकाल पाहणे किती फसवे असते, हे दाखवण्यासाठी संशोधकांनी मुद्दाम राशींनुसार गट पाडले. मिथुन आणि तूळ राशीच्या रुग्णांत ॲस्पिरिन घेतलेल्यांचे मृत्यू किंचित जास्तच निघाले! बारांपैकी दोनच राशी घेतल्यामुळे रुग्ण कमी झाले आणि सिद्ध झालेला फायदाही त्या गटात हरवला. राशीऐवजी वय, लिंग किंवा मधुमेह असता, तर तो निष्कर्ष अनेकांनी खरा मानला असता.

लहान चाचण्या अगदीच वाया जातात असे नाही. १९९२ साली स्ट्रेप्टोकायनेजच्या त्या ३३ चाचण्या काळाच्या क्रमाने एकत्र मांडल्या गेल्या. तेव्हा दिसले, की १९७३पर्यंतच्या आठ चाचण्यांमधल्या २,४३२ रुग्णांची बेरीज केली असती, तर औषधाचा फायदा तेव्हाच स्पष्ट झाला असता. त्यानंतरच्या चाचण्यांत आणखी ३४,५४२ रुग्ण सहभागी झाले. त्यांतल्या हजारोंना हे औषध मिळाले नाही. सुट्या-सुट्या निष्कर्षांत ‘फरक नाही’ असे वाचण्याची ही किंमत होती. हे एकाच औषधाबाबत घडले असेही नाही. १९७८ साली अशा ७१ ‘निष्फळ’ चाचण्या तपासल्या, तेव्हा त्यांतल्या ५० चाचण्या इतक्या लहान निघाल्या, की परिणामात ५० टक्क्यांची सुधारणा होत असती, तरी ती निसटण्याचा धोका दहा टक्क्यांहून जास्त होता.

मोठा नमुना सगळ्या दोषांवर उतारा नाही. रुग्णांची निवडच पक्षपाती असेल, तर लाखभर माणसे घेऊनही उत्तर चुकते. शिवाय नमुना प्रचंड असला की नगण्य फरकही ‘लक्षणीय’ ठरतो. म्हणून फरक आहे की नाही याइतकेच, तो किती आहे हेही विचारले पाहिजे.

हे कळण्याची सोपी खूण म्हणजे निकालासोबत दिलेली कक्षा, म्हणजे खरा फरक कुठून कुठपर्यंत असू शकतो ते आकडे. आपल्या शंभर-शंभरच्या चाचणीत १२ आणि ९ मृत्यू झाले, तर ही कक्षा ‘औषधाने शेकडा पाच-सहा जास्त दगावतात’पासून ‘शेकडा अकरा-बारा वाचतात’पर्यंत पसरते. अशा निकालाला ‘औषध निरुपयोगी’ म्हणणे चूक आहे. त्याला ‘अजून कळलेले नाही’ एवढेच म्हणता येते. कक्षा अरुंद आणि शून्याला चिकटून असेल, तेव्हाच फरक नसल्याचे म्हणण्यात अर्थ असतो. यापुढे ‘अमुक उपायाने फरक पडत नाही’ अशी बातमी वाचाल, तेव्हा चाचणीत किती माणसे होती आणि कक्षा किती रुंद होती हे आधी पाहा. हे दोन आकडे बातमीत नसतील, तर तो उपाय निकालात काढू नका.