जावास्क्रिप्टमधला सातवा ऑगस्ट

जावास्क्रिप्टमध्ये वर्ष, महिना आणि दिवस असे तीन आकडे देऊन तारीख तयार केली, तर महिन्यांची मोजणी शून्यापासून होते. जानेवारी म्हणजे 0, फेब्रुवारी 1 आणि डिसेंबर 11. वाढदिवसाचा प्रोग्राम लिहिणारा एखादा विद्यार्थी 15 ऑगस्ट 2010 ही जन्मतारीख पुढीलप्रमाणे लिहितो, तेव्हा त्याने धरलेला हिशेब बरोबर असतो.

```js
const janma = new Date(2010, 7, 15);
console.log(janma.toDateString());
// Sun Aug 15 2010
```

गंमत अशी की त्याच ओळीतला दिवस मात्र 1 पासूनच मोजला जातो. पंधरा तारखेसाठी 15 लिहायचे, 14 नव्हे. एकाच कंसात शेजारीशेजारी दोन रीती नांदतात. या विसंगतीचे मूळ जावास्क्रिप्टच्याही आधीचे आहे. सी भाषेत तारीख साठवताना महिना 0 ते 11 आणि दिवस 1 ते 31 असा ठेवतात. महिन्यांची नावे यादीत ठेवली आणि यादीतले पहिले स्थान शून्य धरले, की असा आकडा थेट त्या यादीत वापरता येतो. दिवसांना नावे नसतात, त्यामुळे तिथे ही सोय लागतच नाही. ही पद्धत सीकडून जावाच्या सुरुवातीच्या आवृत्तीत आली. 1995 मध्ये ब्रेंडन आइक यांनी नेटस्केपसाठी जावास्क्रिप्ट घाईघाईने तयार केली, तेव्हा ती जावासारखी दिसावी असा आग्रह होता. त्यामुळे जावाची तारखेची रचना जवळपास जशीच्या तशी उचलली गेली.

चूक पकडणे अवघड जाते, कारण जावास्क्रिप्ट तक्रार करत नाही. कुणी सवयीने `new Date(2010, 8, 15)` लिहिले, तर निमूटपणे 15 सप्टेंबर ही तारीख तयार होते. खातरजमा म्हणून त्याने `getMonth()` ने महिना विचारला, तर उत्तर 8 येते आणि सारे ठीक असल्याचा समज होतो. प्रत्यक्षात महिना देताना आणि घेताना दोन्हीकडे एकच गैरसमज असल्याने तो झाकला जातो. महिन्यात नसलेला दिवस दिला तरी तेच होते. 31 मे लिहिण्यासाठी महिना 5 दिला, तर तो जून ठरतो. जूनला 31 तारीख नसल्यामुळे हाती 1 जुलै येते. म्हणून पडताळणीसाठी महिन्याचे नाव दाखवणारे `toDateString()` वापरावे. `toISOString()` तारीख जागतिक प्रमाणवेळेत सांगते. भारतीय वेळेवर चालणाऱ्या संगणकावर वरची बरोबर तारीखही त्यात `2010-08-14T18:30:00.000Z` अशी, म्हणजे आदल्या दिवसाची दिसते.

वापरणाऱ्याने फॉर्ममध्ये 8 भरले असेल, तर तारीख बनवताना `mahina - 1` करायचे. दाखवताना उलट 1 मिळवायचा. इथे कंस विसरला की वेगळाच घोटाळा होतो.

```js
"महिना: " + janma.getMonth() + 1    // महिना: 71
"महिना: " + (janma.getMonth() + 1)  // महिना: 8
```

पहिल्या ओळीत बेरीज होतच नाही. डावीकडे अक्षरे असल्यामुळे 7 ला 1 नुसता चिकटतो.

शून्याचा नियम फक्त आकड्यांपुरता आहे, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. हीच तारीख अवतरणचिन्हांत, `new Date("2010-08-15")` अशी दिली, तर ऑगस्टसाठी 08 च लिहायचे असते. तिथे एक वजा करणारा जुलैत पोहोचतो. या रूपात आणखी एक खोच आहे. वेळ न लिहिता दिलेली अशी तारीख जागतिक प्रमाणवेळेनुसार मध्यरात्रीची धरली जाते. भारतात त्या वेळी पहाटेचे साडेपाच वाजलेले असतात, त्यामुळे तारीख 15 च राहते आणि काही बिघडल्याचे कळत नाही. तोच प्रोग्राम न्यू जर्सीतल्या नातेवाइकांच्या संगणकावर चालवला, तर तिथे 14 ऑगस्टची रात्रीचे आठ ही वेळ निघते आणि वाढदिवस एक दिवस आधी येतो. जन्मतारखेसाठी आकड्यांचे रूप त्या मानाने भरवशाचे, कारण ते संगणकाची स्थानिक वेळ धरते.

जावाने ही जुनी रीत 2014 मधल्या नव्या तारीख-रचनेत सोडली. जावास्क्रिप्टसाठी तयार झालेल्या `Temporal` या नव्या रचनेतही महिने 1 पासून मोजले जातात, म्हणजे तिथे ऑगस्ट 8 च असतो. जुन्या `Date` ला मात्र आता हात लावता येत नाही. त्यात बदल केला, तर आजवर महिन्यातून एक वजा करून लिहिलेला प्रत्येक प्रोग्राम एक महिना मागे जाईल.