तुटलेल्या ओळी सांधताना

इंटरनेटवरून एखादा लेख उचलून आपण वर्डमध्ये चिकटवतो आणि मजकूर ओळखू येईनासा होतो. प्रत्येक ओळ पानाच्या मध्यावरच तुटलेली असते, शब्दांमध्ये कुठे दोन तर कुठे चार स्पेस असतात आणि मधेच एखादे अनाकलनीय चिन्ह डोकावते. बरेच जण अशा वेळी प्रत्येक ओळीच्या शेवटी जाऊन डिलीट दाबत बसतात. चाळीस पानांच्या स्मरणिकेत त्यात दिवसचे दिवस जातात आणि थकलेल्या बोटांनी नवे दोष शिरतात ते वेगळेच. हेच काम फाइंड-रिप्लेसने काही मिनिटांत होते. त्यासाठी पायऱ्यांचा क्रम मात्र अचूक लागतो, आणि मराठीपुरती एक खास खबरदारीही घ्यावी लागते.

आधी बिघाड कुठून येतो ते पाहू. ईमेल आणि साध्या मजकुराच्या जुन्या फायलींमध्ये ठरावीक अक्षरांनंतर ओळ तोडण्याची पद्धत होती. ईमेलच्या नियमांत आजही एक ओळ 78 अक्षरांच्या आत ठेवावी अशी शिफारस आहे. पीडीएफमध्ये तर छापील पानावरची प्रत्येक ओळ सुटी असते. असा मजकूर उचलला की ओळीच्या शेवटचा एंटर त्याच्याबरोबर येतो. वेबपानावर आणखी एक प्रकार आढळतो. तिथे परिच्छेद संपल्याची खूण वेगळी असते आणि नुसती ओळ तोडल्याची खूण वेगळी. वर्ड हा फरक जपतो.

म्हणून पहिले काम म्हणजे लपलेल्या खुणा उघड करणे. वर्डमध्ये `Ctrl+Shift+8` दाबले की त्या दिसू लागतात. परिच्छेदाच्या शेवटी `¶`, नुसत्या तुटलेल्या ओळीच्या शेवटी वाकडा बाण `↵`, साध्या स्पेसच्या जागी बारीक टिंब आणि वेबवरून आलेल्या न तुटणाऱ्या स्पेसच्या जागी लहान वर्तुळ `°`. हे न पाहता सफाई सुरू केली, तर आपण नेमके काय बदलतो आहोत तेच कळत नाही. मजकूर आणताना `Keep Text Only` हा पर्याय निवडला, तर रंग, दुवे आणि तक्ते बाहेरच राहतात. मूळ प्रतीची एक फाइल मात्र न बदलता बाजूला ठेवावी.

आता एक नमुना घेऊ. खुणा उघडल्यावर तो असा दिसतो:

```
पावसाळ्यात सह्याद्रीच्या दऱ्या¶
धुक्याने भरून  जातात. वाट¶
ओळखीची असली तरी आई-¶
वडिलांना सांगूनच निघावे.¶
·¶
खडकावर पाय घसरला तरâ€¦¶
सावरायला   जागा नसते.¶
```

मुळात हे दोनच परिच्छेद आहेत. `Ctrl+H` दाबल्यावर उघडणाऱ्या चौकटीत `Find what` आणि `Replace with` असे दोन रकाने असतात. त्यांत परिच्छेदाची खूण `^p` अशी, तुटलेल्या ओळीची `^l` अशी आणि न तुटणारी स्पेस `^s` अशी लिहायची. समजा कुणी थेट `^p` शोधून त्या जागी स्पेस टाकली. ओळी सांधल्या जातील, पण त्याबरोबर दोन्ही परिच्छेदही एकमेकांत मिसळतील. चाळीस पानांचा मजकूर असेल, तर एकच अखंड गठ्ठा हाती येईल. बहुतेकांची चूक इथेच होते.

यावरचा उपाय असा की खऱ्या परिच्छेदांना आधी तात्पुरती खूण लावून ठेवायची, मग उरलेले एंटर काढायचे आणि शेवटी ती खूण पुन्हा एंटरमध्ये बदलायची. दोन परिच्छेदांमध्ये एक रिकामी ओळ असते, म्हणजे तिथे दोन एंटर लागोपाठ येतात. तीच त्यांची ओळख.

पण नमुन्यातली पाचवी ओळ नीट पाहा. ती रिकामी दिसते, पण तिच्यात एक स्पेस आहे. त्यामुळे तिथे दोन एंटर एकमेकांना लागून येत नाहीत आणि `^p^p` शोधले तर काहीच सापडत नाही. म्हणून आधी स्पेसची सफाई करायची. `^l` च्या जागी `^p` टाकून एंटरचा एकच प्रकार ठेवावा आणि `^s` च्या जागी साधी स्पेस टाकावी. मग `Find what` मध्ये दोन स्पेस आणि `Replace with` मध्ये एक स्पेस देऊन `Replace All` दाबावे. एका फेरीत आठच्या चार होतात, चाराच्या दोन होतात, म्हणून शून्य बदल झाल्याचे वर्ड सांगेपर्यंत हीच फेरी पुन्हा पुन्हा करावी. त्यानंतर एंटरच्या आधीची आणि नंतरची स्पेस काढावी, म्हणजे स्पेस आणि `^p` शोधून नुसते `^p` टाकावे, आणि मग `^p` आणि स्पेस शोधून तेच करावे. आता पाचवी ओळ खरोखर रिकामी झाली.

पुढचा अडथळा ओळीच्या शेवटी आलेल्या जोडरेघेचा. नमुन्यात `आई-` वर ओळ तुटली आहे. ती तशीच सांधली तर ‘आई- वडिलांना’ असे होईल, मधे नको असलेली स्पेस येईल. इथली जोडरेघ शब्दाचीच आहे, ती ठेवायची. पण पीडीएफमध्ये ‘महा-’ एका ओळीत आणि ‘राष्ट्रात’ पुढच्या ओळीत असेही आढळते. तिथली जोडरेघ केवळ जागा पुरली नाही म्हणून छपाईत आलेली असते, ती काढायची. हा फरक यंत्राला कळत नाही. त्यामुळे `-^p` शोधताना `Replace All` कधीही दाबू नये. `Find Next` ने एकेक जागा बघून निर्णय घ्यावा.

एवढे झाले की मुख्य तीन फेऱ्या येतात. `@@@` ही खूण मजकुरात आधीपासून कुठे नाही ना, हे शोधून खात्री करून घ्यावी.

```
Find: ^p^p   Replace: @@@
Find: ^p     Replace: (एक स्पेस)
Find: @@@    Replace: ^p
```

कुठे लागोपाठ तीन-चार रिकाम्या ओळी असतील, तर या फेऱ्यांच्या आधी `^p^p^p` च्या जागी `^p^p` टाकून त्या कमी कराव्यात. प्रत्येक फेरीनंतर वर्ड किती बदल झाले ते सांगतो आणि तोच आकडा आपली तपासणी ठरतो. आपल्या नमुन्यात दोन परिच्छेद आहेत, म्हणून पहिल्या फेरीत एकच बदल व्हायला हवा. पन्नास परिच्छेदांच्या लेखात तो आकडा पन्नासच्या जवळ हवा. शून्य आला तर रिकाम्या ओळींत अजून काहीतरी लपलेले आहे असे समजावे आणि पुढची फेरी अजिबात चालवू नये. ती चालवलीच असेल, तर लगेच `Ctrl+Z` दाबावे.

परिच्छेदांमध्ये रिकामी ओळच नसेल, तर ही युक्ती चालत नाही. अशा वेळी पूर्णविरामानंतर येणारा एंटर हाच परिच्छेदाचा शेवट मानता येतो, म्हणजे `.^p` च्या जागी `.@@@` टाकायचे. पण एखादे वाक्य योगायोगाने ओळीच्या शेवटीच संपलेले असते आणि तिथे खोटा परिच्छेद तयार होतो. मूळ पान शेजारी उघडून ते डोळ्यांनीच तपासावे लागते. कविता, ओव्या, पत्ते आणि याद्या यांत ओळ जिथे तुटते तिथेच ती तुटायला हवी. म्हणून फक्त गद्याचा भाग सिलेक्ट करून तेवढ्यावरच फेऱ्या चालवाव्यात.

आता अनाकलनीय चिन्हे. नमुन्यातले `â€¦` म्हणजे मुळातली तीन टिंबे. युनिकोडच्या यूटीएफ-8 पद्धतीत हे एक चिन्ह तीन भागांत साठवले जाते. एखाद्या प्रोग्रॅमने ते जुन्या पाश्चात्त्य पद्धतीने वाचले की प्रत्येक भागाचे वेगळे अक्षर होते. मजकुरातून ते जसेच्या तसे उचलून `Find what` मध्ये चिकटवावे आणि त्या जागी `…` टाकावे. पण अख्खा मराठी मजकूरच `à¤` सारख्या अक्षरांनी भरलेला असेल, तर फाइंड-रिप्लेसच्या नादी लागू नये. मूळ फाइल यूटीएफ-8 निवडून पुन्हा उघडावी. काळ्या चौकोनातले प्रश्नचिन्ह `�` दिसले, तर तिथले अक्षर हरवलेले आहे. ते फक्त मूळ पानावरूनच परत आणता येते.

शेवटी मराठीची खास खबरदारी. वेबवरून आलेल्या मजकुरात रुंदी नसलेली, डोळ्यांना न दिसणारी चिन्हेही असतात. त्यांतली शून्य रुंदीची स्पेस निरुपयोगी असते आणि शोधताना शब्द सापडू देत नाही. वर्डमध्ये `^u8203` शोधून `Replace with` रिकामा ठेवला की ती निघून जाते. सफाईच्या अनेक तयार पाककृती मात्र सगळीच अदृश्य चिन्हे एकदम पुसायला सांगतात. इंग्रजीत त्याने काही बिघडत नाही, मराठीत बिघडते. ‘दऱ्या’ या शब्दातला र दोन प्रकारे टाइप होतो. एक प्रकार खाली टिंब असलेल्या ऱ या अक्षराचा. दुसऱ्यात साधा र, पाय मोडण्याची खूण आणि त्यानंतर एक अदृश्य जोडचिन्ह असते. त्या जोडचिन्हाचा क्रमांक 8205 आहे. दोन्ही प्रकार पडद्यावर सारखेच दिसतात. पण ते जोडचिन्ह पुसले की र उडी मारून य च्या डोक्यावर रफार होऊन बसतो आणि सह्याद्रीच्या दऱ्यांचा ‘दर्या’ होतो. आचाऱ्याला मोदकांची ऑर्डर दिलेली असते आणि छापून येते आचार्याला दिल्याचे. स्पेलचेकरलाही ते सापडत नाही, कारण नवा शब्दही अचूकच असतो.

म्हणून मराठी मजकुरात 8205 आणि त्याच्या आधीचा 8204 यांना हात लावू नये. सफाई झाल्यावर पुऱ्या, नोकऱ्या, कादंबऱ्या, वाऱ्यावर, तऱ्हा असे शब्द शोधून पाहावेत. एक गोष्ट लक्षात ठेवावी, एका प्रकाराने टाइप केलेला शब्द शोधला तर दुसऱ्या प्रकारचा कदाचित सापडणार नाही. त्यामुळे शब्द स्वतः टाइप न करता त्याच मजकुरातून उचलून शोधावा.

इथे दिलेल्या सगळ्या खुणा वर्डच्या आहेत. नोटपॅड++ मध्ये `Extended` हा पर्याय निवडून विंडोजच्या फायलींत `^p` ऐवजी `\r\n` लिहावे लागते. लिबरऑफिस रायटरला `^p` कळतच नाही. प्रोग्रॅम बदलला तरी क्रम तोच राहतो: आधी स्पेस, मग जोडरेघा, मग परिच्छेदांची खूण, मग एंटर आणि सर्वांत शेवटी चिन्हे. स्मरणिकेचा मजकूर छपाईला देण्यापूर्वी या क्रमाने एकदा फेऱ्या कराव्यात, पण मूळ प्रत जपून ठेवावी आणि शेवटचे वाचन माणसाकडूनच करून घ्यावे.